पॅडलची सर्व्हिस : टप्पा पाडून, कमरेखालून, तिरकी

टेनिस खेळून आलेला माणूस पॅडलच्या कोर्टावर पहिल्यांदा उतरला की बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. रेषेमागे उभा राहतो, चेंडू दोन-तीनदा आपटतो, मग डावा हात वर नेऊन चेंडू हवेत उडवायला जातो. समोरचे तिघे एकदम ओरडतात, आणि सर्व्हिस सुरू होण्याआधीच थांबते. पॅडलमध्ये डोक्यावरून सर्व्हिस नाही. चेंडू हवेत उडवायचा नाही, खाली सोडायचा. जमिनीवर त्याचा एक टप्पा पडू द्यायचा आणि तो वर येत असताना कमरेच्या उंचीवर किंवा त्याखाली रॅकेटने मारायचा. टेनिसमध्ये नेमके उलटे आहे. तिथे चेंडू जमिनीला लागण्याआधी मारावा लागतो. म्हणजे १९८९ च्या फ्रेंच ओपनमध्ये मायकेल चँगने इव्हान लेंडलला चकवण्यासाठी जी प्रसिद्ध खालून सर्व्हिस केली, तीसुद्धा पॅडलमध्ये चालली नसती, कारण त्याने मधला टप्पा पाडला नव्हता.

मुंबई-पुण्यात गेल्या काही वर्षांत पॅडलची काचेची कोर्ट उभी राहिली आहेत आणि संध्याकाळी ती भरलेली असतात. चार जण, सव्वा-दीड तास, भाडे वाटून घ्यायचे आणि निघायचे, असा हा खेळ. पंच नसतो. त्यामुळे सर्व्हिसबद्दलचे वाद चौघांनी मिळूनच मिटवायचे असतात, आणि ते मिटत नाहीत याचे मुख्य कारण म्हणजे नियम सगळ्यांना अर्धवट ठाऊक असतो. ‘खालून मारायचा आणि तिरका टाकायचा’ एवढे प्रत्येकाला माहीत असते. अडते ते पुढे. कंबर कुठे, टप्पा कुठे, रेषेला पाय लागला तर काय, नेटला लागून आत पडला तर काय, काचेला लागला तर चालतो मग तारेच्या जाळीला लागला तर का नाही?

हे सगळे समजून घ्यायला आधी कोर्ट डोळ्यांसमोर आणले पाहिजे. पॅडलचे कोर्ट २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मध्ये नेट, ते मधोमध ८८ सेंटिमीटर उंच आणि दोन्ही टोकांना जास्तीत जास्त ९२. नेटपासून दोन्ही बाजूंना ६.९५ मीटर अंतरावर आडवी सर्व्हिस रेषा आखलेली असते. नेटपासून या रेषेपर्यंतचा भाग मधल्या रेषेने दुभागलेला असतो आणि त्याचे जे दोन तुकडे पडतात ते सर्व्हिस बॉक्स. प्रत्येक बॉक्स ५ मीटर रुंद. सर्व्हिस रेषेमागे उरते ते ३ मीटरहून थोडे जास्त अंतर, आणि त्यामागे काच. सर्व्हिस करणारा याच पट्ट्यात उभा राहतो.

आता बाजूच्या भिंती पाहू, कारण सर्व्हिसचे निम्मे शहाणपण तिथेच आहे. मागची भिंत पूर्ण काचेची (जुन्या कोर्टांवर सिमेंटची) असते, पण बाजूची भिंत तशी नसते. मागच्या कोपऱ्यापासून पुढे ४ मीटरपर्यंतच बाजूला काच येते. त्यापुढे नेटच्या दिशेने तारेची जाळी सुरू होते. म्हणजे नेटपासून मोजले तर पहिले ६ मीटर बाजूला जाळी आणि नंतरचे ४ मीटर काच. सर्व्हिस बॉक्स मात्र ६.९५ मीटरपर्यंत जातो. त्यामुळे बॉक्सच्या बाजूला बहुतेक जाळीच आहे. शेवटचे जेमतेम एक मीटर तेवढे काचेचे. हे ध्यानात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

या खेळाचा जन्मच भिंतींमध्ये झाला. मेक्सिकोतल्या अकापुल्को इथे एनरिके कोर्कुएरा यांनी १९६९ मध्ये आपल्या घराच्या आवारात भिंतींनी वेढलेले छोटे कोर्ट बांधले. त्यांचे स्नेही अल्फोन्सो दे होहेनलोहे यांना ते इतके आवडले, की त्यांनी १९७४ मध्ये स्पेनमधल्या मार्बेया इथे तशी कोर्ट उभारली. तिथून पॅडल स्पेन आणि अर्जेंटिनात पसरले आणि आजही हेच दोन देश या खेळावर राज्य करतात. आंतरराष्ट्रीय पॅडल महासंघ १९९१ मध्ये स्थापन झाला; जगभरच्या स्पर्धा त्याच्याच नियमांनी चालतात.

छोट्या कोर्टावर चौघे उभे आहेत आणि सर्व्हिस करणाऱ्याला डोक्यावरून मारायची मुभा दिली, तर काय होईल? याचे उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे, आणि ते इतके नेटके आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. सर्व्हिस रेषेपाशी उभ्या खेळाडूपासून नेट जेवढे लांब, जवळपास तेवढेच नेटपासून समोरच्या बॉक्सची शेवटची रेषा लांब. म्हणजे नेट बरोबर मध्यावर आहे. चेंडू ज्या उंचीवर रॅकेटला भेटतो तिथून समोरच्या शेवटच्या रेषेपर्यंत सरळ दोरी ताणली, तर नेटपाशी ती दोरी निम्म्या उंचीवर असेल. डोक्यावरून, अडीच मीटर उंचीवर चेंडू मारला तर नेटपाशी दोरी सव्वा मीटरवर. नेटच्या चांगली वरून जाते. मग कितीही जोरात मारा, चेंडू आत पडू शकतो. पण कमरेच्या उंचीवर, समजा एक मीटरवर मारला, तर नेटपाशी दोरी ५० सेंटिमीटरवर येते. नेट आहे ९० च्या आसपास. दोरी नेटच्या पोटात शिरते.

याचा अर्थ असा, की कमरेखालून मारलेला चेंडू सरळ रेषेत आत जाऊच शकत नाही. त्याला वर चढून, कमान घेऊन मग खाली यावे लागते. खाली आणण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते आणि त्याला वेळ लागतो. चेंडू फार वेगात असेल तर खाली यायच्या आत तो रेषेच्या पलीकडे गेलेला असतो. हवेचा अडथळा आणि चेंडूची फिरकी बाजूला ठेवून हिशेब केला, तर एक मीटर उंचीवरून मारलेला, नेटला जवळजवळ घासून जाणारा आणि बरोबर शेवटच्या रेषेवर पडणारा चेंडू ताशी ९० किलोमीटरच्या आसपासच जाऊ शकतो. त्याहून जोरात मारला की बाहेर. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये ताशी २०० किलोमीटरच्या सर्व्हिस रोजच्या आहेत, हे लक्षात घेतले की पॅडलच्या नियमाने काय केले ते कळते. वेग कमी करा असे नियम कुठेच म्हणत नाही. तो फक्त उंची ठरवतो. वेगाला लगाम घालण्याचे काम नेट आणि रेषा करतात.

कमरेवरून होणारी भांडणे क्षुल्लक नाहीत, हेही याच हिशेबातून दिसते. चेंडू कमरेऐवजी छातीशी, समजा १ मीटर ४० सेंटिमीटरवर मारला, तर तीच मर्यादा ताशी १२० किलोमीटरच्या जवळ जाते. चाळीस सेंटिमीटरची लबाडी किंवा चूक, आणि वेगात एक तृतीयांश वाढ. समोरच्याला ‘काहीतरी जास्तच जोरात येतेय’ असे वाटते ते उगाच नाही.

नियमाचे शब्द असे आहेत : मारण्याच्या क्षणी चेंडू कमरेच्या उंचीवर किंवा त्याखाली हवा. चेंडू कुठे आहे ते महत्त्वाचे, रॅकेट कुठून आली आणि मारल्यावर कुठे गेली ते नाही. मारून झाल्यावर रॅकेट खांद्यापर्यंत वर गेली तरी हरकत नाही. आणि ही उंची सेंटिमीटरमध्ये ठरवलेली नाही. ती सर्व्हिस करणाऱ्याच्या स्वतःच्या शरीराशी बांधलेली आहे. सहा फूट दोन इंचांच्या माणसाला त्याचा थोडा फायदा मिळतो. पाच फुटांच्या मुलीने त्याच उंचीवर चेंडू मारला तर तो फॉल्ट ठरू शकतो. गुडघे वाकवून खाली बसत सर्व्हिस करणाऱ्याची कंबरही खाली येते, ही गोष्ट वाद घालताना सोयीने विसरली जाते.

हाच घोळ बॅडमिंटनने अनेक वर्षे सोसला. ज्या खेळाला एकेकाळी ‘पूना’ म्हणत, त्यातही सर्व्हिस कमरेखालूनच होती, आणि कंबर म्हणजे सर्वांत खालच्या बरगडीच्या पातळीवरची काल्पनिक रेषा, अशी व्याख्या नियमात होती. शर्टाआडची बरगडी सर्व्हिस जजला दिसणार कशी? शेवटी २०१८ मध्ये कंबर सोडून देऊन जमिनीपासून १.१५ मीटर ही ठरावीक उंची आजमावण्यात आली, ऑल इंग्लंड स्पर्धेत ती वापरली गेली आणि मोजायला खुणेचे उपकरण आले. उंच खेळाडूंनी कुरकुर केली, कारण त्यांना आता अवघडून मारावे लागत होते. पॅडलने अजून अशी ठरावीक उंची स्वीकारलेली नाही. त्याला एक कारण आहे : पॅडलमध्ये टप्पा आहे.

हा टप्पा म्हणजे नियमाची गंमत आहे. वरवर ती केवळ एक औपचारिकता वाटते, पण खरे तर उंचीच्या नियमाचा तो रखवालदार आहे. पॅडलचा चेंडू कसा उसळावा हे नियमात ठरलेले आहे. २.५४ मीटर उंचीवरून सोडला तर तो १३५ ते १४५ सेंटिमीटर वर आला पाहिजे. म्हणजे जेवढ्या उंचीवरून पडला त्याच्या अर्ध्याहून थोडा जास्त. आता सर्व्हिस करणाऱ्याने खांद्याच्या उंचीवरून, समजा १ मीटर ४० सेंटिमीटरवरून चेंडू नुसता सोडला, तर तो साधारण ७५ ते ८० सेंटिमीटर उसळेल. वाळू घातलेल्या कृत्रिम गवतावर कदाचित त्याहूनही कमी. कंबर त्याच्या वर आहे. याचा अर्थ, जो चेंडू हातातून नुसता सोडला आणि मारला तो कमरेच्या वर जाणे जवळपास अशक्य आहे. कंबर ओलांडते ती आपटल्यामुळे. चेंडू जोर लावून जमिनीवर आपटला की तो पोटापर्यंत, छातीपर्यंत उसळतो आणि हात आपोआप वर जातो.

म्हणून पंच नसलेल्या खेळात समोरच्याची कंबर मोजत बसण्यापेक्षा त्याचा हात पाहावा. तो चेंडू सोडतोय की आपटतोय? आपटत असेल तर उसळलेला चेंडू पुन्हा खाली येईपर्यंत थांबतोय का? उसळून परत खाली उतरताना कमरेखाली मारला तर सर्व्हिस वैध आहे. जे थांबत नाहीत त्यांचे कोपर वाकलेले दिसते आणि मारताना रॅकेटचा माथा मनगटाच्या वर असतो. शंका असेल तर बाजूने, कमरेच्या उंचीवर मोबाइल धरून दोन सर्व्हिस चित्रित कराव्यात. समोरून घेतलेल्या चित्रणात उंची कळत नाही.

टप्पा पडायची जागाही ठरलेली आहे. सर्व्हिस करणारा ज्या बाजूला उभा आहे त्याच बाजूच्या पट्ट्यात, सर्व्हिस रेषेच्या मागे चेंडू पडला पाहिजे. दोन्ही पाय रेषेमागे हवेत; रेषेला किंवा मधल्या रेषेच्या मागे वाढवलेल्या काल्पनिक रेषेला पाय लागता कामा नये. मारताना निदान एक पाय जमिनीला टेकलेला हवा, म्हणजे उडी मारून सर्व्हिस नाही. चालत किंवा धावत येऊनही सर्व्हिस करता येत नाही. जागच्या जागी पाय जरा हलवले तर मात्र चालते. आणि चेंडू सोडून रॅकेट फिरवली, पण चेंडूला लागलीच नाही, तर ‘नाही लागली, पुन्हा करतो’ असे म्हणता येत नाही. तो फॉल्ट झाला. एक संधी गेली, दुसरी उरली.

सर्वांत जास्त होणारी चूक मात्र यातली एकही नाही. ती आहे रेषा ओलांडायची घाई, आणि तिचे मूळ डावपेचांत आहे. पॅडलमध्ये सर्व्हिसवर थेट गुण फारसे मिळत नाहीत. सर्व्हिस करून मिळते ते नेट. पॅडलमध्ये जी जोडी नेटपाशी उभी राहते ती हल्ला करते, आणि जी मागे काचेपाशी अडकते ती बचाव करते. सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार आधीच नेटजवळ उभा असतो. सर्व्हिस करणाऱ्याला सात मीटरवरून चार-पाच मीटर पुढे धावत जाऊन त्याच्या शेजारी पोहोचायचे असते. त्यामुळे चेंडू रॅकेटला लागायच्या आधीच शरीर पुढे झुकते, पाऊल उचलले जाते आणि रेषेवर पडते. मारणाऱ्याला ते कळतही नाही, कारण त्याची नजर चेंडूवर असते. इथे जोडीदारानेच सांगायला हवे.

याच घाईमुळे मोठे खेळाडू मिळालेला सगळा वेग वापरत नाहीत. सावकाश चेंडू पुढे जायला एक सेकंदाच्या आसपास वेळ घेतो आणि तेवढ्यात सर्व्हिस करणारा नेटजवळ पोहोचतो. जोरात मारलेला चेंडू परतही तितक्याच लवकर येतो, आणि धावताना मध्येच पायाशी चेंडू घ्यावा लागणे यासारखी वाईट स्थिती नाही. म्हणून रॅकेट वरून खाली आणत चेंडूच्या तळाला घासून मारतात. त्याला स्लाइस म्हणतात. असा चेंडू टप्प्यानंतर फारसा उसळत नाही, आणि काचेला लागला तर तिथूनही खाली दबूनच येतो.

आता एक सर्व्हिस पूर्ण पाहू. गेमचा पहिला गुण, म्हणून सर्व्हिस उजवीकडून. सर्व्हिस करणारा मधल्या रेषेपासून मीटरभर उजवीकडे, सर्व्हिस रेषेच्या जरा मागे उभा आहे. चेंडू त्याला तिरका, म्हणजे त्याच्या डाव्या हाताला असलेल्या समोरच्या बॉक्समध्ये टाकायचा आहे. सरळ समोरच्या बॉक्समध्ये पडला तर फॉल्ट. रेषेवर पडला तर आत धरतात.

त्याने चेंडू लांब टाकला. टप्पा नेटपासून साडेपाच मीटरवर आणि बाजूच्या भिंतीपासून अर्ध्या मीटरवर पडला. चेंडू पुढे जात असताना बाजूलाही सरकतो आहे. साडेबारा मीटर पुढे जाताना तो साडेपाच मीटर बाजूला गेला. राहिलेले अर्धे मीटर बाजूला सरकायला त्याला आणखी सव्वा मीटरच्या आसपास पुढे जावे लागेल. म्हणजे भिंतीला तो नेटपासून साडेसहा मीटरच्या थोडे पुढे भिडेल. तिथे काच आहे. सर्व्हिस चांगली. समोरच्या खेळाडूने आता चेंडू काचेवरून परत येण्याची वाट पाहून, दुसरा टप्पा पडायच्या आत तो मारायचा. किंवा काचेला लागण्याआधीच घाईने मारायचा. दोन्ही अवघड. काचेला खालच्या बाजूला लागलेला स्लाइस चेंडू जवळजवळ मरतो.

पुढच्या वेळी उजवीकडून सर्व्हिस करताना त्याने पुन्हा भिंतीजवळच मारले, पण चेंडू आखूड पडला. टप्पा नेटपासून चार मीटरवर, भिंतीपासून अर्ध्या मीटरवर. अकरा मीटर पुढे जाताना चेंडू साडेपाच मीटर बाजूला सरकला आहे. अर्धे मीटर सरकायला तो आणखी मीटरभर पुढे जाईल. भिंतीला भिडेल नेटपासून पाच मीटरवर. तिथे जाळी आहे. चेंडू बॉक्समध्ये पडूनही फॉल्ट.

टप्पा बॉक्सच्या आत पडला, मग फॉल्ट का, हा प्रश्न प्रत्येक नवा खेळाडू विचारतो. नियम सांगतो की सर्व्हिसचा चेंडू योग्य बॉक्समध्ये पडल्यावर दुसरा टप्पा पडायच्या आत तारेच्या जाळीला लागला तर फॉल्ट. काचेला लागला तर खेळ चालू. त्यामागचे कारण जाळीला चेंडू एकदा लागताना पाहिले की समजते. काच चेंडूला ठरलेल्या कोनात परत पाठवते. सराव असेल तर तो कुठे येणार ते ओळखता येते. तार चेंडूला कुठेही भिरकावते, कधी जागच्या जागी खाली टाकते. गुण चालू असताना हे नशीब खेळाडू पत्करतात. तिथे टप्पा पडल्यानंतर चेंडू जाळीला लागला तरी खेळ चालूच राहतो. पण सर्व्हिसमध्ये मारणाऱ्याला वेळ आणि जागा दोन्ही स्वतः निवडायला मिळतात. मुद्दाम आखूड आणि बाहेर मारून तारेवर गुण कमावणे त्याला फार सोपे झाले असते.

नेटला लागलेल्या सर्व्हिसचेही असेच. चेंडू नेटला लागून योग्य बॉक्समध्ये पडला तर ‘लेट’, म्हणजे ती सर्व्हिस पुन्हा. इथपर्यंत टेनिससारखेच. पण नेटला लागून आत पडला आणि दुसऱ्या टप्प्याआधी जाळीला लागला, तर तो लेट नसून फॉल्ट. नेटला लागल्याने चेंडू आखूड आणि तिरका होतो, त्यामुळे हे वाटते तितके दुर्मीळ नाही. खेळताना ‘लेट, लेट’ म्हणत चेंडू परत सर्व्हिस करणाऱ्याकडे फेकला जातो, आणि त्याला हक्काची नसलेली एक संधी मिळून जाते.

टप्पा पडायच्या आधी चेंडू कुणाला लागला, यावरही बरेच अवलंबून आहे. सर्व्हिस स्वतःच्या जोडीदाराच्या पाठीत बसली तर फॉल्ट; नेटपाशी वाकून उभे राहायची सवय त्यातूनच लागते. तीच सर्व्हिस समोरच्या खेळाडूला थेट लागली, किंवा त्याने टप्पा पडू न देता हवेतच मारली, तर गुण सर्व्हिस करणाऱ्याचा. बाहेर जाणारा चेंडू ‘कशाला सोडा’ म्हणून हवेत अडवणारे इथे फसतात. तो आपसूक फॉल्ट झाला असता.

मुंबई-पुण्यात आणखी एक गोंधळ हमखास दिसतो, कारण इथे पॅडल आणि पिकलबॉलची कोर्ट बऱ्याचदा एकाच आवारात असतात आणि तेच लोक दोन्ही खेळतात. पिकलबॉलची सर्व्हिसही खालून आणि तिरकी, त्यामुळे हात एकमेकांत मिसळतात. पण तिथे टप्पा पाडणे ऐच्छिक आहे. हातातून सोडलेला चेंडू हवेतच, कमरेखाली मारता येतो. पॅडलमध्ये टप्पा पाडावाच लागतो. तिथे सर्व्हिसची एकच संधी असते, इथे दोन. तिथे नेटला लागून योग्य जागी पडलेला चेंडू खेळात राहतो, इथे लेट. आणि तिथे नेटजवळच्या पट्ट्यात, ज्याला ते खेळाडू किचन म्हणतात, सर्व्हिस पडली तर फॉल्ट. पॅडलमध्ये असा निषिद्ध पट्टा नाही. नेटच्या अगदी जवळ पडलेली सर्व्हिसही वैध आहे, फक्त जाळीला लागू नये.

सर्व्हिस उजवीकडून सुरू होते आणि दर गुणानंतर बाजू बदलते. घेणाऱ्या जोडीतला एक जण कायम उजव्या बॉक्समध्ये आणि दुसरा डाव्या बॉक्समध्ये सर्व्हिस घेतो, आणि हे सेट संपेपर्यंत बदलता येत नाही. चुकून चुकीच्या बाजूने सर्व्हिस झाली आणि ते दोन गुणांनंतर ध्यानात आले, तर झालेले गुण तसेच राहतात. तिथून पुढे बाजू दुरुस्त करायची.

एका प्रसंगी मात्र बाजू ठरवायचा हक्क सर्व्हिस घेणाऱ्या जोडीकडे जातो. ४०-४० झाल्यावर बरेच लोक ‘गोल्डन पॉइंट’ खेळतात, म्हणजे पुढचा एकच गुण आणि गेमचा निकाल. हा गुण उजव्या बॉक्समध्ये घ्यायचा की डाव्या, ते घेणारे ठरवतात. तेव्हा दोघांपैकी जास्त चांगला खेळणारा पुढे येईलच असे नाही. जोडीतला एखादा काचेवरून येणारा चेंडू घेताना हमखास गडबडत असेल आणि समोरचा सर्व्हिस करणारा त्या बाजूला सतत काच गाठत असेल, तर दुसऱ्याने हात वर करून आपल्या बॉक्समध्ये सर्व्हिस मागून घेतलेली बरी.